बाळंतपणाच्या रजेनंतर परत जायचं नाही: पत्र कसं लिहायचं आणि अडकलेले पैसे कसे काढायचे

फेब्रुवारीतल्या एका रात्री साडेअकराला माझ्या धाकट्या जावेचा मेसेज आला. "ताई, उद्या सकाळी हा मेल पाठवतेय, एकदा वाच." मेल चार ओळींचा होता. माझी प्रसूती रजा १ मार्चला संपते, बाळाला सांभाळायला घरी कोणी नाही, म्हणून मी कामावर परत येऊ शकत नाही, १ मार्च हा माझा शेवटचा दिवस समजावा, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.

भाषा चांगली होती, शुद्धलेखनही बरोबर होतं. पण या चार ओळींनी तिचे नव्वद हजार रुपये धोक्यात आले असते आणि वर तीस दिवसांच्या नोटिशीचे पैसे कंपनीने कापून घेतले असते. मी गेली चौदा वर्षं पगारपत्रकांचं काम करते, म्हणून मला ते एका वाचनात दिसलं. तिला दिसलं नाही यात तिची चूक नाही. चार महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन कोणी नियुक्तिपत्र वाचत बसत नाही.

खाली तिचंच प्रकरण तारखांसह मांडते. ती पुण्यातल्या एका खासगी कंपनीत होती. सरकारी नोकरीतले नियम वेगळे असतात, त्यांना हे जसंच्या तसं लागू होणार नाही.

पत्राआधी कागदावर चार तारखा मांडा

नोकरीला लागल्याची तारीख, रजा सुरू झाल्याची, रजा संपण्याची आणि नोटिशीचे दिवस. एवढ्या चार गोष्टी एका कागदावर लिहा. भावना, कारणं, बॉसला काय वाटेल, हे सगळं त्यानंतर.

जाऊ नोकरीला लागली १५ मार्च २०२१ रोजी. रजा १ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली, बाळ १३ ऑक्टोबरला झालं. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, भरपगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. तिने सहा घेतले होते. १ सप्टेंबरपासून १८२ दिवस मोजले की १ मार्च २०२६ येतो. नियुक्तिपत्रात नोटीस ३० दिवसांची.

आता पहिली आणि तिसरी तारीख शेजारी शेजारी ठेवा. १५ मार्च २०२१ पासून पाच वर्षं पूर्ण होतात १४ मार्च २०२६ ला, आणि ती राजीनामा देत होती १ मार्चपासून. तेरा दिवस कमी.

पाच वर्षं महत्त्वाची आहेत कारण कायमस्वरूपी नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्क पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर लागतो. मुदतीच्या करारावर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षानंतरही प्रमाणात मिळते, पण तिचं तसं नव्हतं. "रजेचे सहा महिने त्यात धरतात का?" हा तिचा पहिला प्रश्न होता. धरतात. २६ आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा सलग सेवेतच मोजली जाते, ती वजा करून कोणी हिशेब सांगत असेल तर तो चुकीचा आहे.

कोणी म्हणेल, चार वर्षं आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं. मद्रास हायकोर्टाने तसा निकाल दिलेला आहे आणि त्याच्या आधारावर काही बायकांना पैसे मिळालेही आहेत. पण बऱ्याच कंपन्या ते सरळ मान्य करत नाहीत, आणि मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तेरा दिवस पुढची तारीख लिहून जे मिळतं, त्यासाठी खटला कशाला लढायचा?

तेरा दिवस कुठून आणायचे

नोटीस २ मार्चला दिली की ३० दिवस आपोआप मार्चअखेरपर्यंत जातात, मग पाच वर्षं होतीलच, असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं. वरवर बरोबर. पण नोटीस दिल्यावर कंपनी म्हणू शकते, "ठीक आहे, तुम्हाला आजच मोकळं करतो, नोटिशीचे पैसे देतो." काही नियुक्तिपत्रांत हा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. तसं झालं की सेवेचा शेवटचा दिवस मागे ओढला जातो आणि वादाला तोंड फुटतं. म्हणून मी तिला सांगितलं, पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत राजीनाम्याचा शब्दही काढू नकोस.

मग मधले दोन आठवडे? तिच्या खात्यात अर्जित रजेचे २२ दिवस पडून होते. १० फेब्रुवारीला तिने राजीनाम्याऐवजी साधा रजेचा अर्ज पाठवला: प्रसूती रजेला जोडून २ ते १३ मार्च अर्जित रजा द्यावी. मध्ये धुळवडीची सुट्टी होती, म्हणून नऊच दिवस खर्च झाले. १४ आणि १५ शनिवार-रविवार. सोमवारी, १६ मार्चला, ती ऑफिसला गेली, बाळ आजीकडे ठेवून. मंगळवारी १७ मार्चला पत्र दिलं. तीस दिवस मोजले तर शेवटचा दिवस १५ एप्रिल येतो. सोमवारीच दिलं असतं तर तो १४ एप्रिल आला असता, म्हणजे आंबेडकर जयंतीची सुट्टी, आणि "सुट्टीच्या दिवशी रिलीव्ह कसं करायचं" यावर एचआरने दोन दिवस मेल केले असते. हसू नका, असले मेल मी पाहिलेत.

अर्जित रजा शिल्लक नसेल तर? बाळंतपणामुळे आजारपण असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजा मागता येते. ही वेगळी तरतूद आहे, २६ आठवड्यांच्या वर. पण ती खऱ्या आजारासाठीच आहे. आजार नसताना दाखला आणायला मी सांगणार नाही. त्यापेक्षा कामावर रुजू व्हा, मग राजीनामा द्या.

आणि ज्यांची पाच वर्षं अजून लांब आहेत, किंवा केव्हाच होऊन गेली आहेत? त्यांनीही एक गोष्ट पाळावी: शेवटची तारीख रजेच्या आत घेऊ नये. रजा संपायच्या आधी नोकरी संपली तर उरलेल्या आठवड्यांचा पगार कंपनी थांबवते आणि तो मागत बसावं लागतं. रजेचा शेवटचा दिवस पूर्ण होऊ द्या. रजेतच नोटीस चालवून मोकळं होता येतं का, याचं उत्तर कायद्यात सापडत नाही, ते तुमच्या नियुक्तिपत्रावर आणि कंपनीच्या मर्जीवर आहे. बहुतेक ठिकाणी "नोटिशीत रजा नाही" असा नियम असतो.

सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे काहीच न कळवणं. रजा संपली, फोन उचलला नाही, मेलला उत्तर नाही, असं झालं की कंपनी "कामावरून गायब" अशी नोंद करते, अनुभवपत्र अडकतं आणि नोटिशीची वसुली लागते. हे मी माझ्याच एका सहकारी मुलीचं पाहिलं. तिला फक्त नाही म्हणायचा संकोच वाटत होता.

"रजेचा पगार परत करा" असं कोणी म्हटलं तर

जावेच्या मैत्रिणीने तिला घाबरवून ठेवलं होतं: रजेनंतर लगेच सोडलंस तर सहा महिन्यांचा पगार परत द्यावा लागतो. असं कायद्यात कुठेही नाही. २६ आठवड्यांचा लाभ हा रजेच्या काळाचा हक्क आहे, परत येण्याच्या अटीवर दिलेलं कर्ज नाही. नियुक्तिपत्रात तशी अट घातली असली तरी कायद्याने दिलेलं त्यातून कमी करता येत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. काही कंपन्या २६ आठवड्यांवर स्वतःच्या धोरणाने आणखी महिना-दोन महिने पगारी रजा देतात आणि त्यासाठी "नंतर अमुक महिने नोकरी करावी" अशी सही घेतात. त्या जादा दिवसांची वसुली ते मागू शकतात. म्हणून धोरणाचा कागद वाचताना कायद्याचे १८२ दिवस आणि कंपनीने दिलेले जादा दिवस असे दोन रकाने करा.

ईएसआयसीत असाल, म्हणजे पगार २१,००० पर्यंत, तर रजेचे पैसे कंपनी नाही, ईएसआयसी देते. ते थकलेले असतील तर एचआरशी भांडून उपयोग नाही, शाखा कार्यालयात जावं लागतं.

काय काय येणं आहे

हिशेब पत्राच्या आधी करायचा, कारण पत्रात आकडे नसले तरी बाबी नावानिशी लिहिल्या पाहिजेत. जावेचा पगार महिना ५८,०००. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३१,२००, वाहतूक भत्ता २,४००, बाकी घरभाडं वगैरे.

आधी रजेच्या पावत्या तपासल्या. सप्टेंबर ते फेब्रुवारी दर महिन्याला ५५,६०० जमा झाले होते. ती म्हणाली, "बरोबर आहे ना, ऑफिसला जात नव्हते म्हणून प्रवासभत्ता नाही." बरोबर नाही. जुन्या प्रसूती लाभ कायद्यात, म्हणजे १९६१ च्या, वेतनाच्या व्याख्येत रोख भत्ते धरलेले आहेत, आणि लाभाचा दर रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. तिला जून, जुलै, ऑगस्टला तो भत्ता मिळतच होता. सहा महिने गुणिले २,४००, म्हणजे १४,४०० रुपये राहिले होते. कंपनीने जाणूनबुजून कापले नव्हते. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये "गैरहजर" दाखवलं की तो भत्ता आपोआप शून्य होतो आणि ते कोणी बघत नाही.

तुमची रजा २१ नोव्हेंबर २०२५ नंतर सुरू झाली असेल तर थांबा. त्या दिवसापासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडं, वाहतूक असे भत्ते तिथे वेतनाबाहेर आहेत, पण बाहेर काढलेल्यांची बेरीज एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली तर जादा भाग परत वेतनात येतो. म्हणजे माझ्या जावेचा हिशेब तुम्हाला जसाच्या तसा चालणार नाही. रजेचे आठवडे आणि रजेआधीच्या तीन महिन्यांची सरासरी मात्र तीच आहे.

दुसरी बाब वैद्यकीय बोनसची. बाळंतपणाआधीची आणि नंतरची वैद्यकीय सेवा कंपनीने मोफत दिली नसेल तर ३,५०० रुपये द्यावे लागतात. रक्कम लहान आहे म्हणून कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. जावेच्या कंपनीचा गट विमा होता, त्यातून दवाखान्याचं अर्धं बिल निघालं, पण नऊ महिन्यांच्या तपासण्या आणि सोनोग्राफ्या तिने स्वतःच्या खिशातून केल्या होत्या. त्याच पावत्या जोडून मागितले.

तिसरी बाब उरलेली अर्जित रजा. नऊ दिवस मार्चमध्ये गेले, नोटिशीच्या काळात बाळाच्या कामासाठी तीन दिवस, २२ मधून १० उरले. त्यांच्या नियमानुसार दिवसाचा दर मूळ पगार भागिले २६, म्हणजे १,२००. दहा दिवसांचे १२,०००. इथे कंपनीगणिक दर वेगळा असतो, कुठे पूर्ण पगार भागिले ३० करतात, म्हणून रजेचं धोरण आधी मागून घ्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा आणि ४५ दिवसांपर्यंत साठवण, असा किमान हिशेब दिलेला आहे. तो आता वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना लागतो, आणि व्यवस्थापकीय कामावरच्यांना नाही.

मग ग्रॅच्युइटी. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं:

३१,२०० × १५ ÷ २६ × ५ = ९०,०००

पाच वर्षं एक महिना झाली, म्हणून पाच. सहा महिन्यांपेक्षा जास्त वर असते तर सहा धरली असती. आता पुन्हा त्या पहिल्या मेलकडे बघा. हीच ओळ पूर्ण गेली असती.

एप्रिलचे पंधरा दिवस, २९,०००. सगळं मिळून १,४८,९०० रुपये, त्यातून नेहमीची पीएफ आणि कराची कपात. ग्रॅच्युइटी खासगी नोकरीत २० लाखांपर्यंत करमुक्त आहे, आणि शिल्लक रजेचे पैसे नोकरी सोडताना घेतले तर २५ लाखांच्या मर्यादेत नियमाप्रमाणे सूट मिळते, म्हणून या दोन ओळींवर कर कापलेला दिसला तर विचारा.

पत्र

इंग्रजीत लिहायचं असेल तर लिहा, बहुतेक ऑफिसांत तसंच चालतं. मराठीतलं पत्रही तितकंच ग्राह्य आहे. जावेने दिलेलं पत्र असं होतं, नावं काढून:

> दिनांक: १७ मार्च २०२६
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
> (कंपनीचे नाव व पत्ता)
>
> विषय: राजीनामा, तसेच प्रसूती लाभ व अंतिम देयकांबाबत
>
> महोदय,
>
> मी (नाव), कर्मचारी क्रमांक (…), दि. १५ मार्च २०२१ पासून आपल्या कंपनीत (पद) या पदावर कार्यरत आहे. दि. १ सप्टेंबर २०२५ ते १ मार्च २०२६ या काळात मी प्रसूती रजेवर होते व त्यानंतर मंजूर अर्जित रजा संपवून दि. १६ मार्च २०२६ रोजी कामावर रुजू झाले.
>
> बाळाच्या संगोपनासाठी मला यापुढे नोकरी सुरू ठेवणे शक्य नाही. नियुक्तिपत्रातील अटीनुसार ३० दिवसांची नोटीस देत असून, दि. १५ एप्रिल २०२६ हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. नोटीस कालावधीत माझ्याकडील काम मी व्यवस्थित हस्तांतरित करीन. या काळात आठवड्यातील तीन दिवस घरून काम करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.
>
> माझी पुढील देयके शेवटच्या दिवसानंतर कायद्यातील मुदतीत अदा करावीत:
> १. दि. १ ते १५ एप्रिल २०२६ चे वेतन
> २. प्रसूती रजेच्या काळात वाहतूक भत्ता न धरल्यामुळे राहिलेला फरक
> ३. वैद्यकीय बोनस (पावत्या सोबत जोडल्या आहेत)
> ४. शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण
> ५. ग्रॅच्युइटी (अर्ज स्वतंत्रपणे देत आहे)
>
> तसेच सेवामुक्तीपत्र, अनुभवपत्र व फॉर्म १६ मिळावेत आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात सेवा संपल्याची तारीख नोंदवावी.
>
> राजीनामा स्वीकारल्याचे व वरील शेवटची तारीख मान्य असल्याचे लेखी कळवावे.
>
> आपली विश्वासू,
> (सही, वैयक्तिक ईमेल, मोबाइल)

यात दोन-तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. रजेच्या तारखा पत्रातच आहेत, म्हणजे पुढे कोणी सेवेत खंड होता म्हणू शकत नाही. कारण एका वाक्यात आटोपलं आहे, आणि ते खरं आहे. बऱ्याच जणी सवयीने "वैयक्तिक कारणास्तव" लिहितात. खरं कारण वैयक्तिकच असेल तर काही हरकत नाही. पण गरोदरपणात किंवा रजेवर असताना वरिष्ठांनी "तूच राजीनामा दे, बरं पडेल" असं सुचवलं असेल, किंवा पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपनीत पाळणाघर नसल्यामुळे तुम्हाला सोडावं लागत असेल, तर "वैयक्तिक" हा शब्द लिहून तुम्ही स्वतःचंच म्हणणं पुसून टाकता. प्रसूती रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढणं बेकायदेशीर आहे, पण तिने स्वतःच्या सहीने राजीनामा दिला की तो मुद्दा उरत नाही. दबाव असेल तर हे पत्र लिहूच नका, आधी कामगार कार्यालयात विचारा.

पत्र एचआर आणि वरिष्ठ दोघांना एकाच मेलने पाठवा आणि प्रत स्वतःच्या वैयक्तिक मेलवर घ्या. शेवटच्या दिवशी दुपारी दोनला ऑफिसचा मेल बंद होतो, आणि सगळा पत्रव्यवहार त्यातच अडकतो. जावेला मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी तिच्या पाच वर्षांच्या पगारपावत्या ऑफिसच्या पोर्टलवरच होत्या. शेवटच्या आठवड्यात बाळ झोपल्यावर बसून एकेक उतरवल्या, साठाच्या वर फाइली.

पैसे येईपर्यंत

नव्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. तिचा शेवटचा दिवस बुधवार, १५ एप्रिल, म्हणजे शुक्रवार १७ एप्रिलपर्यंत. ग्रॅच्युइटीला देय झाल्यापासून तीस दिवस, म्हणजे १५ मेपर्यंत, आणि उशीर झाला तर व्याज. एचआर मात्र अजूनही "४५ दिवसांत फुल अँड फायनल" म्हणतं, सवयीने. भांडण न करता मेलवर एवढंच विचारा की वेतन संहितेतली दोन दिवसांची मुदत आपल्याला कशी लागू होत नाही. पुष्कळदा उत्तराऐवजी पैसेच येतात. तिला १७ ला आले नाहीत, २३ ला आले.

हिशेबाचा कागद आला तेव्हा १४,४०० त्यात नव्हते. सोबत एक फॉर्म होता, "माझे कंपनीकडून काहीही येणे बाकी नाही", आणि खाली सहीची जागा. इथे बहुतेक जणी सही करून मोकळ्या होतात, कारण सही केल्याशिवाय सेवामुक्तीपत्र मिळणार नाही असं सांगितलेलं असतं. तिने सहीच्या वर हाताने लिहिलं: "रजा काळातील वेतनफरक रु. १४,४०० वगळून, हक्क राखून." फोटो काढला, मग दिला. नंतर जून ते ऑगस्टच्या तीन पावत्या आणि सप्टेंबरची एक, अशा चार पावत्या जोडून एक मेल केला. चूक सॉफ्टवेअरची होती, माणसांची नव्हती, त्यामुळे लेखा विभागाने दहा दिवसांत दिले. माणसं अडून बसली असती तर पुढची पायरी म्हणजे त्या भागाच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार. त्यासाठी वकील लागत नाही. नियुक्तिपत्र, पावत्या, रजेचा मंजुरी मेल, राजीनामा आणि त्याचा स्वीकार एवढं लागतं.

पीएफ आणि विमा

पीएफ लगेच काढायचा मोह होतो. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढला तर तो करपात्र ठरतो. तिची पाच वर्षं त्याच तारखेमुळे इथेही पूर्ण झाली, हा त्या तेरा दिवसांचा दुसरा फायदा. तरीही मी तिला काढू नको म्हटलं. पुढे नोकरी लागली की त्याच यूएएनवर खातं पुढे चालतं, आणि दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो. आत्ता पेन्शनचा भाग काढून घेतला तर ती पाच वर्षं मोजणीतून जातात.

कंपनीकडून करून घ्यायची खरी गोष्ट एकच, सेवा संपल्याची तारीख. ती नसेल तर पुढचा प्रत्येक अर्ज अडतो. कंपनीने नाही टाकली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते: यूएएनच्या पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit`, मग आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. टाकताना तारीख सेवामुक्तीपत्रातलीच टाका. चुकली तर ती बदलण्याचा व्याप मागे लागतो. आणि पासबुकात रजेच्या सहा महिन्यांची वर्गणी दिसते का तेही बघा.

विम्याचं तिने अगदी शेवटी विचारलं, खरं तर ते आधी करायला हवं. गट विमा साधारणपणे शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, आणि त्यात सहा महिन्यांचं बाळही असतं. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, त्यामुळे प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होत नाही. पण अर्ज विमा चालू असतानाच गेला पाहिजे. नोटीस दिल्याच्या आठवड्यातच विमा कंपनीला मेल टाका. जावेने तो एप्रिलच्या दहा तारखेला टाकला आणि पुढचे पाच दिवस रोज फोन लावत बसली. चौदाला सुट्टी होती, पंधराला संध्याकाळी सहाला पोच आली.